डिस्क, वॉशर की शेल? अक्ष बघू नका, पट्टी बघा

प्रश्न: Y-अक्षाभोवती फिरवलं की शेल आणि X-अक्षाभोवती फिरवलं की डिस्क, असं आम्हाला क्लासमध्ये सांगितलं. पण सोडवलेल्या गणितांत कधीकधी बरोबर उलटं दिसतं. y = 3x² − x³ आणि X-अक्ष यांच्यामधला भाग Y-अक्षाभोवती फिरवायचा होता. वॉशरने करायला गेलो तर x सुटतच नाही, शेलने तीन ओळींत उत्तर आलं. नेमकं कधी काय वापरायचं? आणि दोन पद्धती इतक्या वेगळ्या असून उत्तर एकच कसं येतं?

उत्तर:

क्लासमधला तो नियम विसरा. तो बऱ्याचदा बरोबर निघतो, कारण पाठ्यपुस्तकातली बहुतेक गणितं y = f(x) अशा रूपात दिलेली असतात. वक्र x = g(y) असा दिला की नियम उलटा होतो, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

मी विद्यार्थ्यांना वेगळ्या क्रमाने जायला सांगतो. आकृती काढा आणि अक्षाकडे अजिबात न बघता फक्त त्या भागाकडे बघा. तो भाग उभ्या पट्ट्यांनी कापणं सोपं आहे की आडव्या? पट्टीचं एक टोक एका वक्रावर आणि दुसरं टोक दुसऱ्या वक्रावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच दोन वक्र, अशी दिशा शोधायची. ती ठरली की मग अक्ष बघायचा. पट्टी अक्षाला काटकोनात असेल तर ती फिरून चकती होते. अक्षापासून सुटी असेल तर मधे भोक असलेली चकती, म्हणजे वॉशर. पट्टी अक्षाला समांतर असेल तर ती फिरून नळकांडं होतं, म्हणजे शेल. पद्धत आपण निवडतच नाही. पट्टी आपण निवडतो, पद्धत आपोआप ठरते.

आता तुमचंच गणित घेऊ, कारण ते फार चांगलं गणित आहे.

y = 3x² − x³ म्हणजे y = x²(3 − x). वक्र x = 0 पाशी X-अक्षाला टेकून वर चढतो, x = 2 ला y = 4 इतका उंच जातो आणि x = 3 ला पुन्हा X-अक्षावर येतो. हा डोंगर उभ्या पट्टीने कापला तर पट्टीचं खालचं टोक कायम X-अक्षावर आणि वरचं टोक कायम त्या एकाच वक्रावर. आडव्या पट्टीने कापला तर डावं टोकही त्याच वक्रावर आणि उजवं टोकही, आणि ती टोकं कुठे आहेत हे कळायला घनसमीकरण सोडवावं लागतं. म्हणून उभी पट्टी. फिरवायचं Y-अक्षाभोवती, पट्टी त्याला समांतर, म्हणून शेल.

x या ठिकाणी उभी असलेली पट्टी अक्षापासून x अंतरावर आहे, तिची उंची 3x² − x³ आणि जाडी dx. ती फिरली की पातळ भिंतीचं नळकांडं तयार होतं. पत्र्याचा डबा उभा कापून सपाट उघडला तर जो आयत मिळतो तोच इथे: लांबी म्हणजे परीघ 2πx, रुंदी म्हणजे उंची, आणि जाडी dx.

V = 2π ∫₀³ x(3x² − x³) dx
= 2π [3x⁴/4 − x⁵/5]₀³
= 2π (243/4 − 243/5)
= 243π/10 = 24.3π

इथे चौकस विद्यार्थी एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. नळकांड्याला जाडी आहे, म्हणजे आतला परीघ लहान आणि बाहेरचा मोठा. मग सपाट उघडल्यावर अचूक आयत कसा मिळेल? याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा करून बघितलेलं बरं. आतली त्रिज्या a, बाहेरची b आणि उंची h असलेल्या नळकांड्याच्या भिंतीचं खरं घनफळ π(b² − a²)h. त्याचे अवयव पाडा:

π(b² − a²)h = 2π · (a + b)/2 · h · (b − a)

म्हणजे त्रिज्या म्हणून a किंवा b न घेता दोघांची सरासरी घेतली, तर सपाट आयताचं सूत्र अंदाज राहत नाही, तंतोतंत बरोबर ठरतं. उरते ती फक्त पट्टीच्या वरच्या टोकाच्या तिरकेपणाची चूक, आणि पट्ट्या बारीक होत गेल्या की ती नाहीशी होते. तुमच्या डोंगराच्या 1 रुंदीच्या फक्त तीन पट्ट्या करा आणि प्रत्येकीच्या मध्यावर (x = 0.5, 1.5, 2.5) उंची घ्या. उंची येतात 0.625, 3.375 आणि 3.125. प्रत्येकीला तिच्या त्रिज्येने गुणून बेरीज केली की 13.1875 येते, म्हणजे घनफळ 26.375π. पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या, म्हणजे सहा केल्या की सुमारे 24.85π. खरं उत्तर 24.3π. चूक 2.075π वरून सुमारे 0.55π वर, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आली. उत्तराची खात्री नसेल तेव्हा कॅल्क्युलेटरवर हा तीन पट्ट्यांचा हिशेब जरूर करावा. 2 चा गुणक राहिला असेल किंवा x ने गुणायचं राहिलं असेल तर लगेच उघडं पडतं.

आता वॉशर. तुम्ही अडलात ती जागा अशी: y इतक्या उंचीवर आडवी पट्टी घेतली की तिची दोन टोकं म्हणजे x³ − 3x² + y = 0 या समीकरणाची दोन उत्तरं. डावीकडचं r, उजवीकडचं R. आणि मग

V = π ∫₀⁴ (R² − r²) dy

एखादी उंची प्रत्यक्ष बघू. y = 2 घ्या, तिथे समीकरण सरळ सुटतं: x = 1, x = 1 + √3 आणि x = 1 − √3. तिसरं ऋण आहे, आपल्या भागाबाहेरचं, ते सोडून द्यायचं. तर r = 1 आणि R = 1 + √3, म्हणजे सुमारे 2.73. या उंचीवरच्या वॉशरचं क्षेत्रफळ π(R² − r²) = π(3 + 2√3), म्हणजे सुमारे 6.46π. दरवर्षी उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारी चूक म्हणजे इथे π(R − r)² लिहिणं. त्याने 3π येतं, निम्म्याहून कमी. (R − r) ही पट्टीची लांबी आहे हे खरं, पण पट्टी स्वतःच्या टोकाभोवती फिरत नाहीये, ती दूरच्या अक्षाभोवती फिरतेय. मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करायचं, वर्ग आधी आणि वजाबाकी नंतर.

y = 2 ला नशीब जोरावर होतं. बाकी उंचींवर r आणि R काढायला त्रिकोणमिती लावावी लागते. x = 1 + 2cosθ ठेवलं की समीकरणाचं 2cos3θ = 2 − y होतं आणि उत्तरं मिळतात, पण पुढचं इंटिग्रल परीक्षेच्या वेळेत कोणी करू नये. गंमत अशी की r आणि R न काढताच वॉशरचं गणित पूर्ण करता येतं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

बाहेरच्या वर्तुळांचा भाग वेगळा काढा: π ∫₀⁴ R² dy. वक्राच्या उजव्या उतारावर R म्हणजेच x. y हे चल बदलून x घ्या: dy = f′(x) dx, जिथे f′(x) = 6x − 3x². y = 0 असताना x = 3, आणि y = 4 असताना x = 2. लिमिट उलट्या क्रमाने आल्या हे लक्षात ठेवा. म्हणून

π ∫₀⁴ R² dy = π ∫₃² x²(6x − 3x²) dx = 29.1π

आतल्या भोकांसाठी डावा चढ. तिथे y = 0 ला x = 0 आणि y = 4 ला x = 2:

π ∫₀⁴ r² dy = π ∫₀² x²(6x − 3x²) dx = 4.8π

वजाबाकी 24.3π. शेलचंच उत्तर, आणि घनसमीकरण कुठेही सोडवलं नाही. पेपरात 'वॉशर पद्धतीनेच सोडवा' अशी अट असेल तर हाच मार्ग घ्या; तो पूर्णपणे वॉशरचाच आहे, फक्त चल बदललंय.

आता हे दोन तुकडे एकत्र लिहून बघा. पहिल्याच्या लिमिट सुलट्या केल्या की ऋण चिन्ह येतं, दुसरा वजाच होतोय, त्यामुळे दोन्ही जोडून

V = −π ∫₀³ x² f′(x) dx

याला इंटिग्रेशन बाय पार्ट्स लावा. x² वेगळं, f′ वेगळं:

−π ∫₀³ x² f′ dx = −π [x² f(x)]₀³ + π ∫₀³ 2x f(x) dx

f(3) = 0 आहे आणि दुसऱ्या टोकाला x = 0, त्यामुळे कंसातलं पद शून्य. उरलं 2π ∫₀³ x f(x) dx, म्हणजे जसंच्या तसं शेलचं सूत्र. उत्तर सारखं येणं हा योगायोग नाही. शेल आणि वॉशर ही एकाच इंटिग्रलची बाय पार्ट्सने जोडलेली दोन रूपं आहेत. जिथे वक्र टोकाला X-अक्षावर येत नाही तिथे कंसातलं पद शून्य होत नाही. ते एखाद्या भरीव नळकांड्याचं घनफळ असतं. उदाहरणार्थ y = x² खालचा 0 ते 1 मधला भाग Y-अक्षाभोवती फिरवला तर वॉशरच्या हिशेबात बाहेरची त्रिज्या कायम 1 राहते आणि π · 1² · 1 हे सबंध नळकांडं वेगळं मोजलं जातं. तेच ते पद.

तुमचाच डोंगर आता X-अक्षाभोवती फिरवा. भाग तोच, म्हणून पट्टीही तीच, उभी. पण आता ती अक्षाला काटकोनात आहे आणि तिचं खालचं टोक अक्षावरच टेकलंय, म्हणून भोक नाही, साधी डिस्क:

V = π ∫₀³ (3x² − x³)² dx = 729π/35, म्हणजे सुमारे 20.83π

इथे शेलचा हट्ट धरला असता तर आडवी पट्टी, आणि पुन्हा तेच घनसमीकरण. एकच भाग, दोन अक्ष, दोन पद्धती, पण पट्टी दोन्ही वेळा उभीच.

क्लासच्या नियमाला सरळ छेद देणारं उदाहरण हवं असेल तर x = y² हा पॅराबोला आणि x = y + 2 ही रेषा घ्या. ती दोघं (1, −1) आणि (4, 2) इथे छेदतात. उभी पट्टी घेतली तर x = 1 पर्यंत तिची दोन्ही टोकं पॅराबोलावर, आणि त्यापुढे खालचं टोक रेषेवर; म्हणजे दोन तुकडे. आडवी पट्टी मात्र डावीकडे कायम पॅराबोलावर, उजवीकडे कायम रेषेवर. हा भाग y = −1 या रेषेभोवती फिरवायचाय. अक्ष आडवा, X-अक्षाला समांतर. क्लासचा नियम म्हणेल वॉशर. आपण म्हणतो: पट्टी आडवी, अक्ष आडवा, समांतर, म्हणून शेल. पट्टी y उंचीवर, म्हणून त्रिज्या y + 1, आणि लांबी y + 2 − y²:

V = 2π ∫₋₁² (y + 1)(y + 2 − y²) dy = 13.5π

या गणितात त्रिज्या y + 1 का आणि नुसती y का नाही, हे नीट बघा. त्रिज्या म्हणजे पट्टीपासून अक्षापर्यंतचं अंतर. अक्ष सरकला की अंतर बदलतं, पण पट्टीची लांबी बदलत नाही. मुलं पुष्कळदा दोन्हीत 1 मिळवून ठेवतात. शेलमध्ये अक्ष सरकल्याचा परिणाम फक्त त्रिज्येवर होतो. वॉशरमध्ये मात्र R आणि r दोन्हींवर होतो, कारण तिथे दोन्ही अंतरंच आहेत.

अक्ष सरकवण्यावरून एक ताळा सांगून ठेवतो, कारण तो उत्तर तपासायला फार उपयोगी आहे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात मांडलेलं आणि सतराव्या शतकात गुल्डिनच्या नावाने पुन्हा पुढे आलेलं प्रमेय म्हणतं: घनफळ = भागाचं क्षेत्रफळ × त्याच्या सेंट्रॉइडने फिरताना कापलेलं अंतर. तुमच्या डोंगराचं क्षेत्रफळ ∫₀³ (3x² − x³) dx = 6.75. सेंट्रॉइड x = 1.8 वर आहे. मग Y-अक्षाभोवती 2π × 1.8 × 6.75 = 24.3π, जुळलं. x = 4 या रेषेभोवती फिरवायचं असेल तर अंतर 4 − 1.8 = 2.2, म्हणून 29.7π. x = −1 भोवती अंतर 2.8, म्हणून 37.8π. शेलचं इंटिग्रल लिहून हीच उत्तरं येतात का ते करून बघा. सेंट्रॉइड माहीत नसला तरी आकृतीवरून अंदाज येतो. डोंगराचा माथा x = 2 ला आहे आणि डावा उतार लांब आहे, तेव्हा सेंट्रॉइड 2 च्या थोडं अलीकडेच असणार. उत्तरातून निघणारं अंतर 1 च्या खाली किंवा 3 च्या वर गेलं तर कुठेतरी घोटाळा आहे, हे इंटिग्रल पुन्हा न करताच कळतं.

हा ताळा एका ठिकाणी चालत नाही, आणि तिथे शेलही फसवतं: अक्ष भागाच्या मधूनच जात असेल तेव्हा. तुमचाच डोंगर x = 1 या रेषेभोवती फिरवा. पॅपसचं सूत्र आंधळेपणाने लावलं तर 2π × 0.8 × 6.75 = 10.8π. त्रिज्या |x − 1| घेऊन 0 ते 3 पर्यंत शेल केलं तर 11.6π. दोन्ही चूक. पहिल्यात अक्षाच्या डावीकडचा भाग वजा झालाय, कारण तिथे x − 1 ऋण आहे. दुसऱ्यात तोच भाग दोनदा मोजला गेलाय, कारण डावीकडचा भाग फिरून उजवीकडच्या भागाने आधीच भरलेल्या जागेत जातो.

अशा वेळी आधी डावा भाग अक्षावरून दुमडून उजवीकडे आणायचा आणि कोण वर राहतं ते बघायचं. अक्षापासून t अंतरावर उजवीकडची उंची f(1 + t) = 2 + 3t − t³, आणि डावीकडची f(1 − t) = 2 − 3t + t³. फरक 2t(3 − t²), म्हणजे t 0 ते 1 असताना उजवी उंची कायम जास्त. दोन्ही बाजूंचा तळ X-अक्षावर असल्याने डावा भाग उजव्यात पूर्ण सामावतो. म्हणून फक्त उजवा भाग फिरवायचा, t 0 ते 2:

V = 2π ∫₀² t(2 + 3t − t³) dt = 2π [t² + t³ − t⁵/5]₀² = 2π (4 + 8 − 6.4) = 11.2π

डावीकडची उंची काही अंतरापर्यंत जास्त आणि पुढे कमी असती, तर जिथे दोघी सारख्या होतात तिथे इंटिग्रल तोडून प्रत्येक तुकड्यात मोठी उंची घ्यावी लागली असती. आणि पट्ट्यांचे तळ वेगवेगळ्या पातळीवर असते तर नुसत्या उंचींची तुलनाही पुरली नसती. प्रत्येक t ला दोन्ही पट्ट्या मिळून किती उंची झाकतात ते मोजावं लागलं असतं.